'पेपर परत तपासा' एवढंच लिहिलं की अर्ज तिथंच अडतो

परभणी : निकाल लागला की आठवडाभरात कॉलेजच्या ऑफिससमोर एक ठरलेलं दृश्य दिसतं. कुणी जिंतूरहून सकाळच्या एसटीने आलेलं, कुणी पालमहून मोटरसायकलवर. हातात मोबाईलवरून काढलेल्या गुणपत्रकाची झेरॉक्स आणि एका कोऱ्या कागदावर चार ओळींचा अर्ज. 'मी पेपर चांगला लिहिला होता. मला कमी गुण मिळाले आहेत. माझ्यावर अन्याय झाला आहे. तरी माझा पेपर परत तपासावा ही नम्र विनंती.' खाली सही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांचे अर्जही बहुतेक असेच असतात. उद्या हेच विद्यार्थी काळा कोट घालून कोर्टात उभे राहतील, दाव्यात काय मागितलं आहे ते नेमकं लिहा म्हणून पक्षकाराला सांगतील. पण स्वतःच्या पेपरचा अर्ज लिहिताना मागणी काय आहे तेच त्यात नसतं. परीक्षा विभागाच्या टेबलावर या चार ओळींतून काही हाती लागत नाही, कारण 'परत तपासा' या एका शब्दामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींचे फॉर्म वेगळे, फी वेगळी, आणि त्यातून निघणारा निकालही वेगळा.

पहिली गोष्ट गुणपडताळणी. तिला आपल्याकडे रिचेकिंग म्हणतात. यात कुणी उत्तर नव्याने वाचत नाही. सगळी उत्तरं तपासली का, आतल्या पानावरचे गुण मुखपृष्ठावर आले का, बेरीज बरोबर आहे का, पुरवणी मोजली का, आणि मुखपृष्ठावरचा आकडा गुणपत्रकात जसाच्या तसा चढला का, एवढंच बघतात. दुसरी गोष्ट पुनर्मूल्यांकन, म्हणजे रिव्हॅल्युएशन. यात उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे जाते आणि तो उत्तर वाचून स्वतःचे गुण देतो.

मोंढ्यावर माल नेणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. काट्यावर वजन एक आणि पावतीवर दुसरं आलं, तर ती वजनाची तक्रार. सोयाबीनला डाग आहे म्हणून भाव पाडला, तर ती प्रतवारीची तक्रार. वजनाची तक्रार पुन्हा काट्यावर घालून पाच मिनिटांत मिटते. प्रतवारीच्या तक्रारीला दुसरा माणूस आणून माल दाखवावा लागतो, आणि तो काय म्हणेल याची खात्री नसते. पेपरचंही तसंच आहे. आपली तक्रार वजनाची की प्रतीची, हे आधी ठरवायचं.

एक पेपर धरून बघू

समजण्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत, कुठल्याही कॉलेजचे किंवा विद्यार्थ्याचे नाहीत. कायद्याचा ८० गुणांचा पेपर. पाच प्रश्न, प्रत्येकी १६ गुण. पास व्हायला ३२ लागतात असं धरा. गुणपत्रकात आले २७. विद्यार्थी नापास, आणि त्याला खात्री आहे की काहीतरी चुकलं आहे.

तो उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवतो. प्रत हातात आल्यावर आधी मुखपृष्ठ बघतो. तिथे चौकटीत लिहिलंय : पहिला प्रश्न ९, दुसरा ८, तिसऱ्याची चौकट रिकामी, चौथा ६, पाचवा ४. बेरीज २७. म्हणजे बेरीज बरोबर आहे. इथे थांबला असता तर गप्प घरी गेला असता.

पण तो आतली पानं उलटतो. पहिल्या प्रश्नाचे दोन भाग, ५ आणि ४, मिळून ९. बरोबर. दुसऱ्याला ८, बरोबर. तिसरा प्रश्न मुख्य उत्तरपत्रिकेत नाहीच, तो पुरवणीत लिहिला होता. पुरवणीच्या दुसऱ्या पानावर लाल शाईने ७ दिलेले आहेत, पण ते मुखपृष्ठावर आलेच नाहीत. चौथा ६, बरोबर. पाचव्याच्या पहिल्या भागाला ४ आणि पान उलटल्यावर दुसऱ्या भागाला ३ आहेत. मुखपृष्ठावर मात्र फक्त ४ गेले. पान उलटायचं राहून गेलं.

आता खरी बेरीज : ९, ८, ७, ६ आणि ७, म्हणजे ३७. नापास झालेला विद्यार्थी पाच गुण जास्त घेऊन पास आहे. आणि यासाठी एकही उत्तर पुन्हा वाचायची गरज नाही. ही निव्वळ वजनाची चूक आहे.

यातही एक बारकाई आहे. त्याने अर्जात फक्त पाचव्या प्रश्नाची चूक लिहिली आणि पुरवणी लिहायची विसरला, तर ३० होतात आणि तो नापासच राहतो. दोन्ही चुका पान क्रमांकासकट लिहिल्या तरच पुरते ३७ होतात. तपासणारा माणूस शेकडो गठ्ठ्यांमध्ये बसलेला असतो. त्याला नेमकं पान दाखवलं तर तो तेच पान उघडतो.

याच विद्यार्थ्याला असंही वाटतं की दुसऱ्या प्रश्नाला ८ नव्हे, १२ मिळायला हवे होते. वाटणं रास्त असेल, पण ते गुणपडताळणीत येत नाही. ते पुनर्मूल्यांकन. हे दोन्ही एकाच कागदावर मिसळलं की ऑफिसातला माणूस गोंधळतो आणि सोपं उत्तर देतो : 'परीक्षकाने दिलेले गुण योग्य आहेत.' सोपी, सिद्ध होणारी चूकही त्या उत्तराखाली गाडली जाते.

पान कोरं नसताना त्यावर ना टिक ना गुण ना रेघ, असं दिसलं तर ते उत्तर तपासायचंच राहिलं असं समजायचं. हेही गुणपडताळणीत मोडतं. आणि उत्तराला शून्य दिलेलं असेल तर ते तपासलेलं धरतात. शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक अर्जात मोकळेपणाने लिहावा.

झेरॉक्स आधी, अर्ज नंतर

आज उत्तरपत्रिकेची प्रत मागणं सोपं वाटतं, पण हा हक्क फुकट मिळालेला नाही, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातल्या हरण्यापासून आहे.

दहावी-बारावीच्या राज्य मंडळाचा नियम होता की विद्यार्थ्याला फक्त गुणपडताळणी मिळेल, उत्तरपत्रिका दाखवली जाणार नाही. विद्यार्थी मुंबई हायकोर्टात गेले आणि जिंकले. मंडळ सुप्रीम कोर्टात गेलं. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने परितोष भूपेशकुमार शेठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात मंडळाच्या बाजूने निकाल दिला. सगळ्यांना उत्तरपत्रिका दाखवत बसलं तर निकाल कधी पक्का होणारच नाही, असा त्यामागचा विचार होता. पुढे पंचवीसेक वर्षं देशभरातली मंडळं आणि विद्यापीठं याच निकालाकडे बोट दाखवत राहिली.

२००५ साली माहितीचा अधिकार कायदा आला आणि चित्र बदललं. सीबीएसईच्या एका विद्यार्थ्याच्या, आदित्य बंदोपाध्याय याच्या खटल्यात ९ ऑगस्ट २०११ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि ज्याने ती लिहिली त्याला ती बघण्याचा, प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षकाचं नाव मात्र झाकून द्यायचं. पण त्याच निकालात दोन मर्यादाही आहेत, आणि त्या फारसं कुणी सांगत नाही. एक, प्रत मिळाली म्हणजे पुनर्मूल्यांकनाचा हक्क मिळाला असं नाही. तो विद्यापीठाच्या नियमात असेल तरच. दोन, उत्तरपत्रिका जपून ठेवायची जेवढी मुदत नियमात आहे, तेवढ्याच काळात प्रत मागता येते. गठ्ठे रद्दीत गेल्यावर हक्क कागदावरच राहतो.

म्हणून प्रत मागायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींचा वेग वेगळा. विद्यापीठाचा स्वतःचा फॉर्म हा पहिला रस्ता. त्याची मुदत निकालापासून मोजक्या दिवसांची असते, फी जास्त असते. माहिती अधिकार हा दुसरा. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या एका खटल्यात २०१९ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की संस्थेची जास्त फी आहे म्हणून माहिती अधिकाराचा स्वस्त रस्ता बंद होत नाही. दोन्ही रस्ते खुले.

मग स्वस्त तोच का धरू नये? कारण माहिती अधिकारात उत्तर द्यायला तीस दिवस असतात. तोवर पुनर्मूल्यांकनाची तारीख निघून गेलेली असते. झेरॉक्स हातात येते, चूक ठळक दिसते आणि फॉर्म बंद झालेला असतो. ज्याचं वर्ष अडकलेलं आहे त्याने विद्यापीठाचाच फॉर्म आधी भरावा, आणि मुदत चुकली असेल तेव्हा किंवा विद्यापीठाकडून प्रत येतच नसेल तेव्हा माहिती अधिकार वापरावा.

यंत्राने तपासलं तरी

हल्ली काही ठिकाणी उत्तरपत्रिका स्कॅन करून परीक्षक संगणकाच्या पडद्यावर तपासतात. बेरीज यंत्र करतं, त्यामुळे वर सांगितलेली पाचव्या प्रश्नासारखी चूक होत नाही, असं सांगतात. ते काही अंशी खरंही आहे. पण चुकीचा प्रकार बदलतो, चूक संपत नाही.

याचा मोठा धडा मुंबई विद्यापीठात २०१७ साली मिळाला. उन्हाळी परीक्षांच्या लाखो उत्तरपत्रिका एकदम ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या. तयारी पुरी नव्हती, परीक्षक नवखे, स्कॅनिंग रेंगाळलेलं. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली. कायद्याचे निकाल सगळ्यात शेवटी लागणाऱ्यांत होते आणि पुढे एलएलएमला जाणाऱ्यांचे प्रवेश त्यात लोंबकळले. निकाल आल्यावर पुनर्मूल्यांकनाचे अर्ज ढिगाने आले आणि काहींच्या हाती तर दुसऱ्याच्याच उत्तरपत्रिकेची प्रत पडली. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना राज्यपालांनी पदावरून दूर केलं.

त्याच सुमारास विद्यापीठाने पुरवणी देणंच बंद करायचं ठरवलं. मोठं अक्षर असणाऱ्यांनी काय करायचं? कायद्याच्याच एका विद्यार्थिनीने ते हायकोर्टात नेलं आणि कोर्टाने तो निर्णय रद्द केला.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याने यातून उचलायचं ते एवढंच. प्रत आली की गुण बघायच्या आधी अक्षर बघायचं. अक्षर आपलं आहे का? आसन क्रमांक, उत्तरपत्रिकेचा क्रमांक आपला आहे का? जितक्या पुरवण्या जोडल्या तितक्या आल्या का? परीक्षेच्या दिवशी पुरवणीचे क्रमांक हॉल तिकिटाच्या मागे लिहून ठेवले असतील तर हे दोन मिनिटांत कळतं. एखादी पुरवणी प्रतीत नसेल तर ती बेरजेची चूक नाही, ती हरवलेली उत्तरपत्रिका आहे. तसंच लिहायचं.

कायद्याच्या पेपरचा वेगळा पेच

गणिताच्या पेपरात उत्तर चूक की बरोबर हे दिसतं. कायद्याच्या पेपरात तसं नाही, म्हणून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज इथे जास्त अवघड. तरी एक जागा अशी आहे जिथे सध्या मतभेद होऊ शकतात आणि विद्यार्थ्याकडे ठोस बोलायला आधार असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं, ते आता १०३ झालं. फसवणुकीचं ४२० गेलं, ३१८ आलं. पेपरात प्रसंग देऊन प्रश्न असतो : अमुक तारखेला अ ने ब ला मारलं, कोणता गुन्हा? प्रसंगातली तारीख २०२३ ची असेल तर उत्तर जुन्या कायद्याचंच. नव्या संहितेच्या कलम ३५८ मध्ये जुन्या गुन्ह्यांबद्दल तशी तरतूद आहे, आणि गुन्हा घडला तेव्हा जो कायदा होता त्यानेच शिक्षा, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्येही आहे. अशा प्रश्नाला ३०२ लिहिणाऱ्याचे गुण घाईत कापले गेले असतील, तर त्याने अर्जात 'मला कमी गुण दिले' असं लिहू नये. प्रसंगाची तारीख, कलम ३५८ आणि उत्तराचं पान, या तीन गोष्टी लिहाव्यात.

तरीही हा अर्ज पुनर्मूल्यांकनाचाच. आणि त्यात धोका आहे : दुसरा परीक्षक गुण कमीही करू शकतो. कमी झाले तर जुने धरायचे की नवे, किती फरक पडला तर बदल मानायचा, हे प्रत्येक विद्यापीठाच्या नियमावर आहे. फॉर्मच्या खालची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय फी भरू नये.

कोर्टात जाऊ, असं काहीजण लगेच म्हणतात. डिसेंबर २०१७ मध्ये रणविजय सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की नियमात पुनर्मूल्यांकन नसेल तर कोर्टाने ते क्वचितच द्यावं, आणि तेही चूक अगदी उघड असेल, तर्क लढवून दाखवावी लागत नसेल तरच. पुरवणीतले ७ गुण मुखपृष्ठावर आले नाहीत, ही उघड चूक. माझं उत्तर १२ गुणांचं होतं, ही नाही.

अर्ज कसा दिसतो

परभणी जिल्ह्यातली या विद्यापीठाला जोडलेली कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली येतात. परीक्षेचं काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे असतं. ठरलेला फॉर्म भरायचाच, त्याला पर्याय नाही. पण फॉर्ममध्ये चूक सांगायला जागा अपुरी असते, म्हणून सोबत एक पानी पत्र जोडावं. वरच्या कल्पित पेपरचं पत्र असं होईल :

प्रति, मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ. मा. प्राचार्यांमार्फत.

विषय : विधी शाखेच्या अमुक सत्रातील अमुक पेपरची गुणपडताळणी करून गुण दुरुस्त करण्याबाबत.

महोदय, माझा आसन क्रमांक अमुक, पीआरएन अमुक. सदर पेपरमध्ये मला २७ गुण दर्शविले आहेत. मला मिळालेल्या उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीनुसार पुढील दोन नोंदी राहून गेल्या आहेत. १) प्रश्न ३ चे उत्तर पुरवणी क्रमांक अमुक मध्ये असून तिच्या पान २ वर ७ गुण दिले आहेत. मुखपृष्ठावर प्रश्न ३ ची चौकट रिकामी आहे. २) प्रश्न ५ (ब) ला पान १९ वर ३ गुण दिले आहेत. मुखपृष्ठावर प्रश्न ५ समोर फक्त (अ) चे ४ गुण आहेत. हे धरून एकूण गुण ३७ होतात. मूळ उत्तरपत्रिकेवरून खात्री करून गुणपत्रक दुरुस्त करावे, ही विनंती. ही मागणी फक्त गुणपडताळणीची आहे. सोबत : छायाप्रतीतील संबंधित पाने, गुणपत्रक, फी पावती.

एवढंच. अन्याय हा शब्द नाही, घरची परिस्थिती नाही, परीक्षकावर आरोप नाही. घरची परिस्थिती खरी असते, पण त्या टेबलावरचा माणूस त्यावर एक गुणही वाढवू शकत नाही. पुरवणीच्या पान २ वर मात्र त्याला वाढवावेच लागतात. दुसऱ्या प्रश्नाचं पुनर्मूल्यांकन हवं असेल तर त्याचा फॉर्म वेगळा, पत्र वेगळं.

पत्राच्या दोन प्रती करायच्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. बरेचजण कॉलेजच्या क्लार्ककडे कागद देऊन मोकळे होतात. कागद कॉलेजातून नांदेडला कधी गेला, गेला की नाही, हे मग कळत नाही. चार दिवसांनी कॉलेजचा जावक क्रमांक विचारून घ्यावा. ऑनलाइन फॉर्म असेल तर फी कापल्याची पावती आणि अर्ज क्रमांक असलेलं पान, दोन्ही छापून ठेवायचं. नेट कॅफेतून पैसे कटले आणि अर्ज जमा झालाच नाही, हे तालुक्याच्या ठिकाणी घडतं. मोबाईलवर बँकेचा मेसेज आला म्हणजे अर्ज पोचला असं नसतं.

आणखी एक गोष्ट, ती पैशाची असल्याने घरात वाद होतात. पडताळणीचा निकाल यायच्या आधी पुढच्या परीक्षेचा फॉर्म सुटतो. बाप म्हणतो, निकाल येणारच आहे तर बॅकलॉगची फी कशाला भरायची? भरावी. निकाल बाजूने लागला तर ती फी गेली, पण लागला नाही आणि फॉर्मही भरलेला नसला तर सहा महिने गेले, आणि शेवटचं वर्ष असेल तर सनद तेवढी लांबली.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावायचा असतो. पडताळणीचं उत्तर फार रेंगाळलं तर आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्यावं, आणि तेही पोचवूनच. त्यावरही काही झालं नाही तर विद्यापीठातल्या विद्यार्थी तक्रार निवारण कक्षाकडे जाता येतं. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाकून विचारायचं : 'माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, त्याची टिपणी द्यावी.' महाराष्ट्रात हा अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो, त्यामुळे त्यात बाकीचं गाऱ्हाणं कोंबू नये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.